थेंबाचा वेग आणि कॉफीची बॉडी: कोल्ड ड्रिप टॉवर व भिजवलेली कोल्ड ब्रू

प्रश्न: साताऱ्यात माझा लहानसा कॅफे आहे. नुकताच काचेचा कोल्ड ड्रिप टॉवर घेतला. ६० ग्रॅम कॉफी, ६०० मिली बर्फाचे पाणी आणि मिनिटाला ५० थेंब असे लावतो. पावणेतीन तासांत पाणी संपते. कॉफी पातळ आणि आंबटसर येते. त्याच बियांची १६ तास भिजवलेली कोल्ड ब्रू मात्र दाट आणि चॉकलेटी लागते. थेंब आणखी हळू केले तर टॉवरमध्येही तशी बॉडी येईल का?

उत्तर: थेंब हळू केल्याने तुमची कॉफी निश्चित सुधारेल, परंतु भिजवलेल्या कॉफीची बॉडी त्यातून येणार नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पातळ आणि आंबट लागणे हा अर्क कमी उतरल्याचा परिणाम आहे आणि तो वेग बदलून दुरुस्त होतो. भिजवलेल्या कॉफीचा जिभेवर रेंगाळणारा दाटपणा मात्र बऱ्याच अंशी न विरघळलेल्या, तरंगत राहिलेल्या कणांमुळे असतो, आणि टॉवर ते कण पेल्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

आधी तुमचे आकडे पाहू, कारण दोष त्यांतच दिसतो. ६०० मिली पाणी १६५ मिनिटांत संपले, म्हणजे मिनिटाला साधारण ३.६ मिली पाणी पडले. ते ५० थेंबांत पडले असेल तर तुमचा एक थेंब ०.०७ मिलीपेक्षा थोडा मोठा आहे. मिनिटाला ४० ते ६० थेंब अशी जी सूचना सर्वत्र सांगितली जाते, तिच्यामागे सलाईनच्या नळीसारखा, एका मिलीला २० थेंबांचा हिशोब गृहीत धरलेला असतो. त्या हिशोबाने ५० थेंब म्हणजे अडीच मिली, आणि तुमचे पाणी चार तास पुरायला हवे होते. थेंबाचा आकार तोटीच्या टोकाच्या जाडीवर ठरतो. टोक जाड असेल तर थेंब अधिक फुगून मग सुटतो. म्हणून दोन टॉवरांवरचे ५० थेंब सारखे नसतात. थेंब मोजण्याऐवजी तोटीखाली वजनकाट्यावर छोटा पेला ठेवून पाच मिनिटांत किती ग्रॅम पाणी पडते ते पाहावे. पाच मिनिटांत १० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला २ मिली, हा ६० ग्रॅम कॉफीसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा वेग आहे. तुमच्या तोटीवर तो मिनिटाला २७-२८ थेंबांच्या आसपास येईल.

आता हा वेग आत नेमके काय करतो ते पाहू. श्रावणात पिंडीवर टांगलेली गळती आठवा. पाणी साचत नाही. पिंड सतत ओली राहते आणि प्रत्येक नवा थेंब आधीच्या ओलाव्याला पुढे ढकलतो. टॉवरमधील कॉफीच्या थरातही असेच घडायला हवे. थर पाण्यात बुडालेला नसतो. कणांच्या मध्ये हवा असते, आणि पाणी कणांवरून पातळ पापुद्र्यासारखे सरकत खाली जाते. दळलेली कॉफी आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ६० ग्रॅमच्या थरात सुमारे १२० मिली पाणी सतत असते. मिनिटाला २ मिली पाणी वरून येत असेल, तर तेवढे पाणी बदलायला एक तास लागतो. याचा अर्थ असा की टॉवर साडेचार तास चालला, तरी कोणताही एक थेंब कॉफीच्या सहवासात जास्तीत जास्त तासभर असतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण धरलेल्या पाण्याचा काही भाग कणांच्या पोटात अडकलेला असतो आणि सरकणारे पाणी त्याला वळसा घालून पुढे जाते. तुमच्या ३.६ मिलीच्या वेगाला हा सहवास अर्ध्या तासाच्या आसपास उरला. थंड पाण्यासाठी तो अपुरा पडतो.

म्हणून टॉवरचे पाच तास आणि भिजवण्याचे सोळा तास यांची घड्याळावर तुलना करून काही हाती लागत नाही. भिजवताना सारे पाणी साऱ्या कॉफीबरोबर पूर्ण वेळ असते, पण पाणी जसजसे अर्काने भरते तसतशी कणांतून बाहेर येण्याची ओढ मंदावते, आणि कणाच्या आतले व बाहेरचे द्रावण सारखे झाले की ती जवळपास थांबते. मेगन फुलर आणि निनी राव यांनी २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोलीच्या तापमानाला भिजवलेल्या कॉफीतील कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्ल यांचे प्रमाण सुमारे ४०० मिनिटांत स्थिरावल्याचे दिसले होते. तुमच्या सोळा तासांपैकी शेवटच्या काही तासांत निदान या दोन घटकांची फारशी भर पडत नसावी. टॉवरमध्ये परिस्थिती उलट असते. सर्वांत वरच्या थराला शेवटपर्यंत कोरे पाणी मिळते, त्यामुळे ती ओढ कधी संपत नाही. खालच्या थराला मात्र वरून आधीच भरलेले पाणी मिळते, म्हणून तिथे अर्क उशिरा आणि कमी उतरतो.

यातून एक हिशोब निघतो, आणि टॉवर का वापरायचा याचे उत्तर मला त्यातच दिसते. समजा, दोन्ही पद्धतींत ६० ग्रॅम कॉफीतून १२ ग्रॅम पदार्थ विरघळला. भिजवण्यात तो ६०० मिली पाण्यात सारखा पसरतो, म्हणजे द्रावण २ टक्क्यांचे होते. गाळल्यावर १२० मिली द्रावण चोथ्यात राहते आणि त्याबरोबर २.४ ग्रॅम अर्कही टाकून दिला जातो. टॉवरमध्येही चोथा १२० मिली पाणी धरूनच ठेवतो, पण ते शेवटी आलेले, जवळजवळ धुवणाचे पाणी असते. त्यात फार तर पाऊण ग्रॅम अर्क असेल. पेल्यात दोन्हीकडे ४८० मिलीच येतात, पण भिजवलेल्यात ९.६ ग्रॅम आणि टॉवरमध्ये ११ ग्रॅमच्या वर. म्हणजे नीट चाललेल्या टॉवरची कॉफी मोजमापाने भिजवलेल्या कॉफीपेक्षा कडक असायला हवी. तुमची पातळ आली याचाच अर्थ १२ ग्रॅम विरघळलेच नाहीत.

वेगाचा चवीवरचा परिणाम दोन टप्प्यांत समजतो. दळताना फुटलेल्या पेशींतील आणि कणांच्या पृष्ठभागावरील पदार्थ पाणी लागताच धुतले जातात. त्यांत आम्लांचा वाटा मोठा असतो, कारण ती लहान रेणूंची आणि पाण्यात सहज विरघळणारी आहेत. कणाच्या पोटातील पदार्थांना मात्र आतून बाहेर झिरपत यावे लागते. थंड पाण्यात हे झिरपणे संथ असते, आणि भाजताना तयार झालेले मोठे तपकिरी रेणू तर त्याहून संथ. हे मोठे रेणू गोडसर कडवटपणा, कोको-गुळासारखा गडदपणा आणि विरघळलेल्या स्वरूपातील बॉडी देतात. वेग जास्त असेल तर पाणी पहिला टप्पा उरकून निघून जाते. पेल्यात आंबटपणा येतो, पण त्याला आधार देणारे खालचे सूर येत नाहीत. तुमच्या कॉफीत आम्ल जास्त झालेले नाही, त्याला तोलणारे बाकी काही कमी पडले आहे.

मग मिनिटाला एक मिली का नको, असे कोणी विचारील. मी ते करून पाहिले आहे आणि पुन्हा करणार नाही. मध्यम दळलेल्या कणाच्या पोटातून झिरपण्यासाठी लागणारा वेळ दोन मिलीच्या वेगाला बऱ्यापैकी मिळतो. त्यापुढे वेग निम्मा केला तर अर्कात किरकोळ भर पडते, पण टॉवर नऊ तास चालतो. तेवढा वेळ ओली कॉफी उघड्या हवेत, खोलीच्या तापमानाला राहते. सुगंध उडतो, चव बोथट होते, आणि वाइनसारखा आंबूस वास येऊ लागतो. हा आंबूसपणा काही जणांना आवडतो आणि टॉवरच्या कॉफीची ओळख म्हणूनही तो सांगितला जातो. मला त्यात फळाची चव आणि आंबण्याची सुरुवात यांतला फरक धूसर होताना दिसतो. कॅफेत विकायच्या कॉफीत, तेही मे महिन्यात, तो धोका मी पत्करणार नाही. पाच-साडेपाच तास ही मी माझ्यापुरती घातलेली मर्यादा आहे.

आता बॉडीकडे येतो. आपण बॉडी म्हणतो तेव्हा विरघळलेल्या पदार्थांचे वजन, न विरघळलेली बारीक पूड आणि तेलाचे सूक्ष्म थेंब या तिन्हींचा मिळून होणारा स्पर्श सांगत असतो. भिजवलेली कॉफी जाळीच्या गाळणीतून किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळली की बारीक पूड आणि थोडे तेल सहज निसटते; तोंडात येणारी ती मखमली भावना बहुतांशी त्यांची असते. टॉवरमध्ये पाणी ढवळले जात नाही, त्यामुळे पूड जागची हलत नाही, आणि हलली तरी कित्येक सेंटीमीटर जाडीचा कॉफीचा थरच तिला अडवतो. त्याखाली सच्छिद्र चिनी मातीची चकती, कापड किंवा कागद असतो. म्हणून टॉवरची कॉफी उजेडात धरली तर लालसर आणि नितळ दिसते, भिजवलेली गढूळ. नितळ कॉफीची बॉडी तुम्हाला मधाच्या पातळ पाण्यासारखी, घसरणारी लागेल. ताकाचा जाडपणा तिच्यात शोधू नये. वेग कमी केल्याने पहिल्या प्रकारची बॉडी वाढते. दुसऱ्या प्रकारावर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

हा फरक दक्षिणेकडच्या पितळी फिल्टरमुळे आपल्याला काहीसा परिचयाचा आहे. तिथेही पाणी कॉफीच्या थरातूनच उतरते, पण उकळते असते आणि तळाला फक्त छिद्रे असतात, म्हणून डिकॉक्शन दाटही येते. जपानमध्ये, विशेषतः क्योटोच्या नावाशी जोडला गेलेला हा टॉवर त्याच तत्त्वाचे थंड आणि नितळ रूप आहे. तिकडे आणि कोरियात याला ‘डच कॉफी’ म्हणतात. जावाहून निघालेल्या डच जहाजांवर ही पद्धत जन्मली, ही कथा मी दंतकथा म्हणूनच सांगतो.

तुमच्या टॉवरवर पुढचा घाणा असा लावून पाहा. कॉफी तीच, ६० ग्रॅम. दळण भिजवणीच्या जाडसर दळणापेक्षा बारीक, बारीक रव्याच्या जवळ जाणारे. भिजवण्यासाठी दळलेलीच कॉफी तुम्ही टॉवरमध्ये घालत असाल, अशी मला शंका आहे. तसे असेल तर वेग कितीही कमी केला तरी पातळपणा पूर्ण जाणार नाही, कारण मोठ्या कणाच्या पोटापर्यंतचे अंतरच जास्त असते. कॉफी नळीत ओतून हलकेच आपटून समतल करा, दाबू नका. ६० मिली पाणी चमच्याने सर्वत्र शिंपडून सगळी पूड ओलसर होऊ द्या आणि वर कागदी गाळणीची गोल चकती ठेवा. ही चकती नसेल तर थेंब एकाच जागी पडून खड्डा करतो आणि पाणी त्या खड्ड्यातून सरळ वाट काढते. उरलेले ५४० मिली पाणी वरच्या भांड्यात घालून वेग मिनिटाला २ मिली लावा. साडेचार तासांत ते संपेल.

पहिला थेंब खाली केव्हा पडतो याकडे लक्ष द्या, कारण ती सर्वांत चांगली चाचणी आहे. थर १२० मिली पाणी धरू शकतो आणि तुम्ही ६० मिली आधीच दिले आहे. उरलेले ६० मिली भरायला दोन मिलीच्या वेगाने अर्धा तास लागायला हवा. पहिला थेंब २५ ते ३५ मिनिटांत आला तर थर सारखा भिजतो आहे. तो आठ-दहा मिनिटांतच आला तर पाण्याने चोरवाट शोधली आहे. खातरजमा करायची तर घाणा संपल्यावर चोथा नळीतून बाहेर काढून उभा चिरा. आत फिकट, कोरडी ढेकळे दिसली तर तेवढी कॉफी वाया गेली. याउलट थरावर पाण्याचे तळे साचत असेल तर दळण फार बारीक झाले आहे.

एकदा लावलेला वेग टिकत नाही, ही या यंत्राची मुख्य कटकट आहे. वरच्या भांड्यातील पातळी उतरली की तोटीवरचा दाब घटतो आणि थेंब मंदावतात. दुसऱ्या तासाला २८ चे १८ झालेले आढळले तर नवल वाटू नये. त्याच वेळी पाणी तापत असेल तर उलटा परिणामही होतो. शून्याजवळचे पाणी तिशीतल्या पाण्याच्या दुपटीहून अधिक चिकट असते, त्यामुळे बर्फ संपून पाणी कोमट होऊ लागले की ते तोटीतून अधिक सहज सुटते. दोन परिणाम एकमेकांना नेमके छेदतील अशी आशा करण्यात अर्थ नाही. पहिले काही घाणे दर चाळीस मिनिटांनी मोजून तोटी सारखी करा, आणि तुमच्या खोलीत कोणत्या वेळी किती फिरवावी लागते ते लिहून ठेवा.

बर्फाविषयी माझा सल्ला असा, की भांडे बर्फाने भरण्यापेक्षा पाणी फ्रिजमध्ये थंड करून घ्यावे आणि बर्फाचे दोन-चार तुकडेच टाकावेत. थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, आणि एखादा बुडबुडा तोटीच्या अरुंद तोंडाशी अडकला की टॉवर कोणाच्याही नकळत थांबतो. उकळून थंड केलेले पाणी वापरले की हा त्रास पुष्कळ कमी होतो. खालचे भांडे मात्र बर्फात ठेवा. सर्वांत आधी उतरलेला अर्क तिथे चार तास पडून असतो. घाणा संपताच कॉफी झाकण लावून फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि तोटी व चकती त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली गेली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट तपासा, ती कदाचित तुमच्या तक्रारीचा अर्धा भाग असेल. टॉवरमधून सुरुवातीला उतरणारी कॉफी अतिशय दाट असते आणि शेवटची जवळजवळ चहाच्या पाण्यासारखी. जड अर्क भांड्याच्या तळाशी बसतो, हलका त्याच्यावर अलगद जमतो, आणि थंडीत ते थर आपोआप मिसळत नाहीत. न ढवळता वरून पेला भरला तर तुम्ही शेवटच्या तासाची कॉफी पिता. ओतण्यापूर्वी लांब चमच्याने तळापासून ढवळा. एकदा मुद्दाम दर १२० मिलीला भांडे बदलून चार वाट्या शेजारी ठेवून चाखा: पहिली काकवीसारखी गडद आणि तिखट आम्लाची, दुसरी गोड, तिसरी सौम्य, चौथी पोकळ. वेग जास्त असतो तेव्हा दुसरीच वाटी पोकळ लागू लागते, ही खूण जिभेवर एकदा बसली की मोजमापाशिवायही वेग कळतो.

चौथ्या वाटीत लाकडी, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव असेल तर ती मिसळू नका. वरच्या भांड्यात थोडे पाणी उरले तरी घाणा तिथेच थांबवा. ४८० ऐवजी ४०० मिली कॉफी मिळेल, पण ती कडक आणि स्वच्छ असेल.

कॅफेत मी स्वतः दोन्ही पद्धती ठेवतो. दूध, कंडेन्स्ड मिल्क किंवा आइस्क्रीम घालायचे असेल तिथे भिजवलेलीच वापरतो, कारण दुधाच्या स्निग्धतेपुढे टॉवरची नितळ बॉडी नाहीशी होते. मॉन्सून्ड मलबारसारखी मुळातच जड, कमी आम्लाची बीही भिजवणीतच शोभते. टॉवरमध्ये तिचा जडपणा गाळला जातो आणि मागे फार काही उरत नाही. टॉवरसाठी मी चिकमगळूरकडची धुतलेली अरेबिका, हलकी ते मध्यम भाजलेली निवडतो आणि लहान पेल्यात, एका मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर ६० ते ८० मिलीच देतो. तुमची सध्याची बी भिजवल्यावर चॉकलेटी लागते, यावरून भाजणी मध्यमच्या पुढची असावी. तसे असेल तर २ मिलीच्या वेगाला आंबटपणा जाईल आणि गडद गोडवा येईल. तरीही पेला पातळच वाटला तर वेगाला हात लावण्याआधी पाणी ६०० वरून ५०० मिलीवर आणा.